उलट्या कुकरावरचे मांडे

आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू ठेवायचा म्हटला की माझी एकच अट असते. ओटा लहान आहे, त्यावर एकाच बर्नरची शेगडी मावते, दुसरी आणायची नाही. कडप्पा जुना आहे, त्याला ओझं सोसत नाही, आणि मला कटकट सोसत नाही. ही अट ऐकून दोन नवरा-बायकोंची जोडपी जिन्यावरूनच परत गेली. वनाभाऊ मात्र ओट्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "एकच बरी. दोन ऱ्हायन्यात ते दुसरीवर काय ठेवानं, हाई चिंता."

पिंप्राळ्याच्या गल्लीत त्यांचं सामान हातगाडीवरून आलं तेव्हा मी गॅलरीत उभी राहून मोजदाद करत होते. एक लोखंडी पेटी, एक गोधडी, पाण्याची कळशी, आणि गोधडीत गुंडाळलेला एक पोटाळ कुकर, हंडीसारखा, जुन्या घडणीचा. त्याच्या पोटात त्याचेच तीन डबे. तवा नाही, कढई नाही, पातेलं नाही. मी विचारलं, "वनाभाऊ, बाकीची भांडी मागून येतायत का?" ते म्हणाले, "बठ्ठं व्हस यामा, ताई." मी मनात म्हटलं, महिनाभरात हा माणूस खिचडी खाऊन खाऊन पिवळा पडणार आणि खानावळ लावणार.

वनाभाऊ एमआयडीसीत एका डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते. गाव पारोळ्याकडचं. बायको बेबाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. गावातलं घर भावाचं आणि भावजयीचं झालं, म्हणजे कुणी हाकललं नाही, पण संध्याकाळी ताट वाढून मिळतं की नाही हे दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरायला लागलं की माणूस आपणहून उठतो. एकुलती एक मुलगी पुनम. तिचं लग्न उरकून ते जळगावला आले. कुकर बेबाबाईचा. भावजयीनं बाकी सगळं ठेवून घेतलं आणि हा दिला, कारण त्याची शिट्टी कधी वाजायची, कधी नाही.

शिट्टी त्यांनी पहिल्याच रविवारी दुरुस्त केली. सुईनं भोक साफ केलं, झाकणाची रबरी रिंग बदलली आणि आमच्या घराचं स्वास्थ्य गेलं. कारण रोज संध्याकाळी जिन्यावरून असे वास उतरायला लागले, की आमचे हे ताटावर बसल्या बसल्या वर बघायचे. वर काय शिजतंय हे ओळखायचा त्यांना नादच लागला. मी समोर पोळी वाढतेय आणि नवरा छताकडे बघून म्हणतोय, "आज पातोड्या दिसतात." बाईमाणसाला राग येणार नाही तर काय?

शेवटी एक दिवस वाटीभर शेंगदाण्याची चटणी द्यायच्या निमित्तानं मी वर गेले आणि खुर्ची घेऊन बसलेच. कुकरात तळाला दोन बोटं पाणी. खालच्या डब्यात तुरीची डाळ, कारण तिला धग जास्त लागते. मधल्यात तांदूळ. वरच्यात दोन वांगी, देठासकट, बिनपाण्याची. झाकण लावलं, तीन शिट्ट्या घेतल्या, गॅस बंद केला आणि वनाभाऊ निवांत पेपर वाचायला बसले. मी म्हटलं, "उघडा की." ते म्हणाले, "त्याना राग उतरू द्या. रागमा कोणाशी बोलनं नही." मला वाटलं, हा टोला मला आहे. अजूनही वाटतं.

वाफ आपोआप बसली तेव्हा डबे काढले, पाणी ओतून दिलं, आणि तोच कुकर कोरडा करून त्यात फोडणी टाकली. अर्धी वरणात गेली, अर्धीत ठेचलेली वांगी परतली. बट्टीच्या दिवशी खाली वरण आणि वर चाळणीसारख्या भोकाच्या डब्यात कणकेचे गोळे वाफवायचे, त्या वेळी शिट्टी काढून ठेवायची. मग गोळे कापून त्याच कुकरात तुपावर लाल करायचे. शेवभाजी असेल तर झाकणच नाही, कुकर नुसता पातेल्यासारखा. एकाच भांड्यात एकामागून एक गोष्ट होत असल्यामुळे त्यांचं जेवण तयार व्हायला वेळ लागायचा, पण प्रत्येक पदार्थाला आधीच्याची थोडी चव लागलेली असायची. खोटं कशाला बोलू, चांगलं लागायचं.

आणि पोळ्या? मी तवा देऊ केला. नको म्हणाले. कुकर चांगला तापवायचा, पोळीच्या एका बाजूला पाणी लावून ती आत भिंतीला चिकटवायची, आणि दांडी धरून कुकर ज्योतीवर उपडा धरायचा. पोळी आतल्या आत फुगते आणि भाजून सुटी होते. ज्वारीची भाकरी मात्र अशी टिकत नाही, गळून ज्योतीवर पडते. दोनदा पडली, मग भाकरी त्यांनी कोपऱ्यावरच्या बाईकडून घ्यायला सुरुवात केली.

तर असा हा माणूस. त्याचं कसं काय चाललंय याची काळजी करणं मी सोडून दिलं होतं. आणि मग आखाजी आली.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. लेक माहेरी येणार, झोके घेणार, कामाला हात लावणार नाही, आमरस-मांडे खाणार आणि दुपारभर लोळणार. त्यात लग्नानंतरची पहिली आखाजी चुकली तर बापाची मान गावात खाली जाते. पुनमचं सासर भडगावजवळच्या खेड्यात. वनाभाऊ तिला सणाला पाठवा म्हणून सांगायला गेले, तर विहीणबाई, त्यांचं नाव ताईबाई, घराच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "खोलीमा कसानं माहेर? माय नही, घर नही. पोर तठे जाईसन काय करी, स्वतःच रांधी ना?" वनाभाऊंनी सांगितलं, रांधीन मी. ताईबाई हसल्या. मग म्हणाल्या, मी स्वतः घेऊन येते सणाच्या दिवशी. नीट वाटलं तर पोर चार दिवस राहील. नाहीतर संध्याकाळच्या मुक्कामी गाडीनं माझ्याबरोबर परत.

हे सगळं वनाभाऊंनी मला जिन्यात उभं राहून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आते मांडा करना पडतीन."

मांडे म्हणजे खानदेशातली खापरावरची पुरणपोळी. ती लाटत नाहीत. पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत झुलवत झुलवत ताणतात आणि चुलीवर उपड्या घातलेल्या मातीच्या खापरावर पसरतात. मला स्वतःला येत नाही, पुण्याच्या जावांसमोर येतं म्हणते एवढंच. बायका हे आईकडून, सासूकडून वर्षानुवर्षं शिकतात. आणि हा वजनकाट्यावरचा माणूस म्हणतो, मांडे करणार. मी म्हटलं, "वनाभाऊ, खाली माझ्या ओट्यावर तीन बर्नर आहेत. खापर माझ्या बहिणीकडून आणू. सरळ खाली करा."

त्यांनी लगेच नकार दिला. "तुमना गॅसवर रांधं ते ती तुमनी आखाजी व्हई, ताई. मनी पोरले मनी खोलीमा खाऊ घालनं शे."

मी तोंड वाकडं करून खाली आले.

दोनच दिवसांनी सकाळी आमच्या घरात असा वास पसरला, की मला वाटलं वायरिंग पेटलं. मी पदर खोचून वर धावले. वनाभाऊ शेगडीसमोर उभे, कुकर शेगडीवर उपडा, त्याचा तळ वर, आणि त्या तळावर ओल्या कणकेचा एक गोळा जळतोय. पण वास कणकेचा नव्हता. कुकराची काळी दांडी खाली ज्योतीच्या बाजूला आलेली, ती वितळून लोंबत होती.

त्यांचं म्हणणं असं, की रोज पोळ्या भाजताना कुकर उपडा करतोच, मग तोच जास्त वेळ उपडा ठेवला तर खापर झालं की. अगदी बरोबर. फक्त पोळ्यांच्या वेळी दांडी हातात असते, आणि इथे ती ज्योतीजवळ होती. मी म्हटलं, "अहो, खापराला दांडी असते का? काढून टाकायची की!" आणि जीभ चावली, कारण माझ्या तोंडून त्यांना युक्ती मिळाली आणि त्यांचे डोळे चमकले.

त्या दिवशी संध्याकाळी कुकर थंडच राहिला. त्याच्या अंगाच्या दांडीला झाकणाची दांडी अडकते, तरच झाकण बसतं. दांडी जळाली म्हणजे वाफ कोंडायची सोयच गेली. डाळ शिजेना. वनाभाऊंनी केळी खाऊन रात्र काढली. दुसऱ्या दिवशी फुले मार्केटमधून नवी दांडी आणली, आणि सोबत एक छोटा पेचकसही.

मग सुरू झाली तालीम. दांडी काढायची, कुकरचा तळ राख-चिंचेनं घासून लख्ख करायचा, उपडा घालायचा. पहिल्या वेळी गॅस पिवळा पडून फडफडायला लागला, कारण कुकराचं तोंड शेगडीवर घट्ट बसलं आणि ज्योतीला वारा मिळेना. तेव्हा विटेचे तीन तुकडे खाली लावून तोंड उचललं. तळ सपाट आणि कडा गोल, त्यामुळे मांडा मधे चांगला भाजायचा आणि कडेला लुळा पडायचा. तो फिरवून फिरवून भाजायचा हे पुढे कळलं. कणीक वस्त्रगाळ, भिजवून मुरवलेली, आणि इतकी मळलेली की ताणली तरी तुटू नये. ती तुटायची. रोज तुटायची. तुटलेले मांडे आमच्या घरी यायचे आणि आमचे हे मोठ्या आवडीनं खायचे. मी म्हणायचे, तुमच्या पोटावर याची आखाजी उभी आहे.

गंमत बाजूला, मला त्यांच्यासाठी भीती वाटायला लागली होती. रोज एकच विचार, की ती बाई येणार, नाक मुरडणार आणि पोरीला घेऊन जाणार. आणि हा माणूस पाठोपाठ जिन्यात उभा राहील.

आखाजीच्या सकाळी वनाभाऊ पहाटेच उठले. एकदा कुकर उपडा झाला की मांडे संपेपर्यंत तो पुन्हा कुकर होणार नाही, हे त्यांनी पक्कं डोक्यात ठेवलं होतं. म्हणून आधी हरभऱ्याची डाळ. पाणी जरा जास्त, चार शिट्ट्या. वरचं पाणी डब्यात काढून ठेवलं ते सारासाठी. डाळीत गूळ घालून त्याच कुकरात, झाकण न लावता, आटवून पुरण केलं, आणि दुसऱ्या डब्याच्या बुडानं भोकाच्या डब्यातून दाबून दाबून गाळलं. मग भात. मग सार, झणझणीत फोडणी देऊन. मग कुरडया तळल्या. झालेल्या वस्तू डब्यात भरून गोधडीत गुंडाळल्या. खरं तर त्याची गरज नव्हती. जळगावच्या वैशाखात वरच्या खोलीत अन्न गार व्हायचं म्हणजे आधी सूर्य गार व्हायला हवा. आंबे बादलीत पाण्यात. कोपऱ्यात बेबाबाईच्या नावाची पाण्याची घागर भरून ठेवली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज, आणि पहिला घास तिच्यासाठी काढून ठेवला. त्या घागरीशी दोन मिनिटं ते काही बोलले, मी जिन्यात थांबले.

मग पेचकसानं दांडी सोडवली, तळ घासला आणि कुकर विटांवर उपडा घातला.

आणि नेमक्या त्याच वेळी खाली रिक्षा थांबली. ताईबाई दुपारी येणार होत्या, पण उन्हाच्या आत निघू म्हणून सकाळच्याच गाडीनं आल्या. पुढे ताईबाई, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, चेहरा असा की नाकाच्या शेंड्यावर माशी बसायची छाती नाही. मागे पुनम, पिशवी छातीशी धरून. मी त्यांना वर नेलं. वनाभाऊंचे दोन्ही हात कोपरापर्यंत तुपानं माखलेले आणि हातांवर अर्धा ताणलेला मांडा.

"या, बठा," ते म्हणाले. नमस्कारही करता येईना.

ताईबाईंनी खोली न्याहाळली. शेगडी बघितली. उपडा कुकर बघितला. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "चहा नही का?"

विहीण पहिल्यांदा दारात आली आणि तिला चहा नाही म्हणणं म्हणजे अपमानच. पण शेगडी एक, तिच्यावर खापर. ते उतरवलं तर गार होणार, आणि हातावरचा मांडा कणकेचा चिखल होणार. मी म्हटलं, "मी खालून आणते." वनाभाऊंनी मानेनंच नको म्हटलं. घाम नाकावरून ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पुनमनं पदरानं पुसला.

"बाई, शेगडी एकच शे," ते म्हणाले. "चहा मांडा व्हयनात का लगेच देस."

तो मांडा कुकरवर पसरताना मधोमध फाटला. वनाभाऊंनी तो काढून बाजूला ठेवला, दुसरा गोळा घेतला, त्यात पुरण भरलं, कडा दाबल्या आणि पुन्हा हातांवर झुलवायला लागले. या मनगटावरून त्या मनगटावर. ताईबाईंचं लक्ष आता खोलीवर नव्हतं, त्यांच्या हातांवर होतं. मी बघितलं, त्यांचीही बोटं मांडीवर हलत होती. मांडा पसरला. मोठा नाही, फार तर ताटाएवढा, पण एकसंध. वनाभाऊ बोटांच्या टोकांनी तो फिरवत राहिले, कड भाजत राहिले, आणि घडी घालून डब्यात ठेवला.

"कोणी शिकाडं तुमले?" ताईबाईंनी विचारलं.

"शिकाडं कोणीच नही. तिले करतांना देखेल व्हतं," ते म्हणाले आणि घागरीकडे बघितलं.

जेवायला बसलो. मीही बसले, मला कुणी बोलावलं नव्हतं. ताईबाई आमरसात मांडा बुडवून खात होत्या. पहिला संपला. दुसरा संपला. पुनम सासूच्या तोंडाकडे बघतेय, वनाभाऊ डब्याकडे, आणि मी सगळ्यांकडे. तिसऱ्याला त्यांनी सारावर हात मारला, नाकातून पाणी आलं, ते पुसलं आणि चौथा मागितला. पण पोर राहणार की जाणार, यावर एक अक्षर नाही. मला तर वाटायला लागलं होतं, खाऊन पिऊन ही बाई उठणार आणि म्हणणार, चल.

वनाभाऊंनी उठून कुकर सरळ केला, गार पाण्यात ठेवला आणि एका डब्यात चहाचं आधण टाकलं. पुनमनं फरशीवर पाणी शिंपडलं, चादर टाकली. ताईबाई म्हणाल्या, "जरा पाठ टेकस." पाठ टेकली. चहा उकळेपर्यंत घोरायला लागल्या.

आम्ही तिघं चहाच्या कपाकडे बघत बसलो. चहा गार झाला. ऊन उतरलं, पाच वाजले. मुक्कामी गाडीला साडेपाचला निघायला हवं होतं. पुनमचा जीव वरखाली. "आबा, उठाडू का? गाडी चुकी ते मना जीव खातीन."

वनाभाऊंनी बोट ओठावर ठेवलं. "झोपू दे त्यास्ले. त्याबी कोणीनी आंडेर शेत, कोणीनी पोर. आज माहेरलेच येल शेत असं समज."

पुनमनं हात मागे घेतला. वनाभाऊंनी पेचकस घेतला, न वाजवता दांडी जोडली, मुगाची डाळ-तांदूळ धुतले आणि कुकर चढवला. अंधार पडायला आला तेव्हा पहिली शिट्टी झाली आणि ताईबाई दचकून उठल्या. खिडकीबाहेर बघितलं.

"गाडी गयी?"

"गयी, आत्या," पुनम म्हणाली. आवाज पार खाली गेलेला.

ताईबाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बरं जयं. खिचडीमा शेंगदाणा टाकात का?"

पुनम चार दिवस राहिली. ताईबाईही चार दिवस राहिल्या. घरमालकीण मी, पण एक माणूस ठरलं होतं आणि दोन राहिली, याबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. वनाभाऊंचं अंथरूण आमच्या गच्चीवर गेलं. पाचव्या दिवशी निघताना ताईबाई माझ्याकडे कुंकू लावायला आल्या. मी हळूच विचारलं, "आमच्याकडची आखाजी कशी वाटली?"

त्या म्हणाल्या, "माय गयी तवयपासून आखाजीले माले कोणीच बसाडं नही, बाई. तीस वरीस जयात. घरमा सुना-लेकी ऊन्यात, सगळ्यासले मीच वाढं. माले कोणी झोपू दिधं नही."

मग खाली उतरून रिक्षात पुनमशेजारी बसताना त्यांनी वर बघून मोठ्यानं सांगितलं, गल्लीतल्या चार बायका ऐकतील एवढ्या मोठ्यानं, "पुनम, पुढला सालले बी आठेच येनं शे तुले. मी बी येसू. मना माहेरले आते कोणी ऱ्हायनं नही."

वनाभाऊ जिन्यात उभे होते. मान हलवली आणि मागे वळले, कारण डोळे पुसायचे होते आणि या वेळी हात मोकळे होते.